कुळीथ पी

प्रदर्शन उघडायला अजून सोळा तास होते आणि आमच्या स्टॉलची भिंत येणाऱ्याजाणाऱ्याला एकेरीत हुकूम सोडत उभी होती. ‘थालीपीठ भाज.’ ‘चकली भाज.’ ‘कुळीथ पी.’ मध्येच एक ‘मेतकू’ असा लाडिक शब्द होता. शेजारच्या स्टॉलवर लोणच्यांच्या बरण्या मांडणाऱ्या बाई दोन मिनिटं ते वाचत थांबल्या आणि म्हणाल्या, “वेगळं आहे हं तुमचं.” पुण्यात ‘वेगळं आहे’ म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

खरं तर भिंतीवर थालीपीठ भाजणी, चकली भाजणी, मेतकूट आणि कुळीथ पीठ असं छापलेलं होतं. शेवटची अक्षरं खांबामागे दुमडली गेली होती. का दुमडली, तर स्टॉल तीन मीटरचा होता आणि आमचा फ्लेक्स दहा फुटांचा. माझं आयुष्य बँकेत गेलं. तीन मीटर म्हणजे दहा फूट, असं मी साडूंना फोनवर ज्या आत्मविश्वासाने सांगितलं, त्या आत्मविश्वासाने मी कधी कुणाचं कर्जही मंजूर केलं नव्हतं. तीन मीटर म्हणजे नऊ फूट दहा इंच. त्यात प्रदर्शनांतले ते तयार स्टॉल ज्या पद्धतीने उभारतात, त्यात ॲल्युमिनियमचे अष्टकोनी खांब असतात आणि खांबांच्या खाचांत पांढरी पॅनेलं सरकवलेली असतात. पद्धत मूळची जर्मन, नाव ऑक्टानॉर्म. खांबाची जाडी साधारण चार सेंटिमीटर. तेव्हा दोन कोपऱ्यांतल्या खांबांच्या मधली मोकळी जागा भरते दोन मीटर शहाण्णव. आमचा फ्लेक्स होता तीन मीटर पाच. फरक साडेतीन इंचांचा. साडेतीन इंचांत ‘णी’ बसतो, ‘ठ’ बसतो, आणि आमची अब्रूही बसते, हे त्या संध्याकाळी कळलं.

पण सुरुवातीपासून सांगतो.

भाजणी आमच्या आईची. सेवानिवृत्तीनंतर हिने आणि हिच्या धाकट्या बहिणीने ती पाकिटांत भरून विकायला सुरुवात केली. ब्रँडचं नाव मी इथे देत नाही. संपादक लेखाचं मानधन द्यायच्या ऐवजी जाहिरातीचं बिल पाठवतील. दोन वर्षं ओळखीपाळखीत विकल्यावर दोघींनी पुण्यातल्या एका मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरवलं. तीन मीटर बाय तीन मीटर, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन स्पॉटलाइट, एक प्लग आणि कचऱ्याची एक टोपली. बाकी तुमचं तुम्ही. ‘बाकी’ म्हणजे मागच्या भिंतीचा बॅकड्रॉप आणि पुढे उभी करायची ती गुंडाळी, जिला सगळे स्टँडी म्हणतात.

बॅकड्रॉपवर काय लिहायचं, यावर घरात बैठक झाली. बैठक ही चूक होती. आई म्हणाली, सगळ्यात वर ‘श्री गजानन प्रसन्न’ पाहिजे. हिला अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर मोठा हवा होता, कारण तो मिळवायला तिला तीन महिने लागले होते. मेहुणीला दहाही पदार्थांची यादी हवी होती. एखादा वगळला तर त्या पदार्थाला वाईट वाटेल असा तिचा सूर होता. साडूंना मध्यभागी क्यूआर कोड हवा होता. साडू इंजिनिअर आहेत. आणि मी स्वतः दोन ओळी रचल्या होत्या: ‘भाजणी आमची खमंग भारी, थालीपीठ लागे दारोदारी’. ‘दारोदारी’चा अर्थ नंतर मुलीने समजावून सांगितला, पण तोवर छपाई झाली होती.

मुलगी बंगळुरूला असते. रंगांचं खातं तिच्याकडे होतं. पाकिटं डाळिंबी रंगाची, कारण आईला डाळिंबी आवडतो. अक्षरं मोरपंखी, कारण हिला मोरपंखी आवडतो. सासू-सुनेचा हा तह दोन वर्षं टिकलेला होता. मुलीने त्याला ‘ब्रँड कलर’ असं नाव दिलं आणि फोनवर कळवलं, “बाबा, छापणाऱ्याला सांगा, डाळिंबी म्हणजे `#7A1F3D`.”

आई म्हणाली, “रंगाला नंबर? लुगडं काय आरटीओतून आणायचंय?”

घराजवळच्या दुकानातल्या मुलाने तो नंबर टाकला, स्क्रीनवर डाळिंबाचा दाणा लकाकला, आम्ही माना डोलावल्या. मजकूर मी फोनवरून पाठवला होता. त्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तो उतरवल्यावर ‘पौष्टिक’मधल्या ‘ष्टि’ची फारकत झाली आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. हिने चष्मा लावून तेवढं पकडलं. मुलाने हाताने दुरुस्त केलं. दहा फूट रुंद, आठ फूट उंच, त्यात गजानन, परवाना, दहा पदार्थ, क्यूआर कोड, माझ्या ओळी, थालीपिठाचा फोटो आणि तळाशी पत्ता. मुलगा म्हणाला, “काका, एक इंच जागा वाया घालवली नाही.” मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

आता पुन्हा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. दुपारी दोनला स्टॉलचा ताबा मिळाला. मी घरून हातोडी आणि पाव किलो खिळे घेऊन गेलो होतो. आयोजकांच्या माणसाने ते पाहिले आणि शांतपणे एक कागद पुढे केला. पॅनेलला खिळा, स्क्रू, स्टेपल काहीही मारायचं नाही. मारलं तर पॅनेलची किंमत भरायची. लोक फोमची दुहेरी चिकटपट्टी लावतात, असं तो म्हणाला. आम्ही ती आणली, डाव्या खांबापासून लावत गेलो, आणि उजवीकडे पोचल्यावर ते साडेतीन इंच हातात उरले. पदार्थांची यादी उजव्या कडेला चिकटून होती. मेहुणी म्हणाली, “भाऊजी, मागे दुमडा ना, कुणाला कळतंय!” दुमडलं. भिंत हुकूम सोडू लागली.

स्टँडीचं काम साडूंनी अंगावर घेतलं होतं, कारण त्यात स्प्रिंग होती.

ज्यांनी ही वस्तू आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: खाली ॲल्युमिनियमची एक लांबट पेटी असते. तिच्यात एक रूळ, रुळाच्या आत ताणलेली स्प्रिंग. रुळाला गुंडाळलेली एक छोटी पट्टी पेटीच्या फटीतून जिभेसारखी बाहेर आलेली असते. स्प्रिंगने ती आत ओढू नये म्हणून एका खिळीने रूळ अडवून ठेवलेला असतो. छापलेला बॅनर आधी त्या जिभेला चिकटवायचा, वरच्या बाजूला दांडी बसवायची, बॅनर हाताने घट्ट धरायचा, आणि मग, फक्त मगच, खिळी काढून बॅनर हळूहळू आत जाऊ द्यायचा.

साडूंनी आधी खिळी काढली.

घर्रर्र असा आवाज आला, जीभ पेटीत गडप झाली, आत काहीतरी बराच वेळ फिरत राहिलं आणि मग शांतता पसरली. साडू पेटीकडे पाहत म्हणाले, “टेन्शन गेलं.” मला वाटलं, ते स्वतःबद्दल बोलतायत. पण टेन्शन म्हणजे स्प्रिंगचा ताण. तो एकदा गेला की बाजूचं झाकण उघडून रुळाचा आस पकडीने धरून हाताने वळसे देत परत भरावा लागतो, आणि तो सुटू न देता खिळी पुन्हा घालावी लागते. साडूंनी बावीस वळसे मोजले. अकराव्या वळशाला पकड एकदा निसटली, ते वळसे धरलेले नाहीत. पुढचा अर्धा तास मी फक्त “धरलंय, धरलंय” असं म्हणत होतो.

शेवटी स्टँडी उभी राहिली. सहा फुटी बॅनर. तळाशी हिचा फोन नंबर छापलेला. पण बॅनरचे खालचे चार-सहा इंच पेटीत राहतात, हे त्या छापणाऱ्या मुलाला ठाऊक नव्हतं की आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, यावर घरात अजून एकमत नाही. नंबराच्या आकड्यांची फक्त डोकी पेटीबाहेर होती. दहा टकलं पाण्यात पोहतायत असं काहीसं दिसत होतं.

आणि रंग. स्क्रीनवरचं डाळिंब फ्लेक्सवर उतरताना चिंचेचा कोळ झालं होतं. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, छापील शाई दुसऱ्याचा उजेड गिळून उरलेला परत देते. त्यामुळे एकच नंबर दोन्हीकडे एकच रंग देत नाही. हे ज्ञान मला नंतर मिळालं. त्या वेळी मी फक्त एवढं पाहिलं की टेबलावरची पाकिटं एका घराण्यातली वाटत होती आणि मागची भिंत दुसऱ्या. त्या चिंचेच्या कोळावर मोरपंखी अक्षरं तर शोधावी लागत होती. हॉलच्या दुसऱ्या टोकाहून चहा घेऊन येणाऱ्या मुलाला हिने विचारलं, “काय रे, आमचा स्टॉल कशाचा वाटतो?” तो म्हणाला, “औषधांचा?”

ही माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, काहीतरी करा.” तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी नळाबद्दल, शेजाऱ्यांबद्दल आणि माझ्या घोरण्याबद्दल ऐकलेलं आहे. फ्लेक्सबद्दल पहिल्यांदाच.

साडूंच्या ओळखीचे एक पेंटरकाका नारायण पेठेत होते. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाट्यांचे दिवस सरले तेव्हा मुलाने फ्लेक्सचं यंत्र घेतलं. यंत्र मुलगा चालवतो, काका बाहेर स्टुलावर बसून चालणाऱ्यांच्या चुका काढतात. आम्ही संध्याकाळी साडेसहाला तिथे धडकलो. काकांनी आमच्या फ्लेक्सचा फोटो फोनवर पाहिला, काही बोलले नाहीत. मुलाकडून आमची मूळ फाइल उघडवली, साध्या ए-फोर कागदावर आडवी छापून घेतली आणि कागद समोरच्या बंद शटरवर चिकटवला. खिशातून टेप काढून शटरपासून दीड मीटर मोजलं आणि खडूने रेघ मारली.

“साहेब, इथे उभे राहा. वाचू नका. काय दिसतं तेवढं सांगा.”

मी म्हटलं, “काका, एवढ्या छोट्या कागदावर काय दिसणार?”

तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते मला आजही फ्लेक्सपेक्षा मोलाचं वाटतं. ए-फोर कागदाची आडवी रुंदी २९.७ सेंटिमीटर. तीन मीटरच्या भिंतीचा जवळजवळ दहावा हिस्सा. कागद दहापट लहान, तर अंतरही दहापट कमी करायचं. कागद दीड मीटरवरून जसा दिसतो, तशीच भिंत पंधरा मीटरवरून दिसणार. हॉलमधल्या एका चौकातून पुढच्या चौकाकडे पाहणाऱ्या माणसाचं अंतर साधारण तेवढंच. हे आम्हाला घरी, फ्रिजच्या दारावर, एका कागदाच्या खर्चात करता आलं असतं.

मी रेघेवर उभा राहिलो. गजानन दिसला, कारण तो चित्र होता. क्यूआर कोड हा काळा डाग होता. परवान्याचा नंबर म्हणजे मुंग्यांची रांग. माझ्या दोन ओळी राखाडी रेघ झाल्या होत्या, याचं मला वाईट वाटलं. मुलीला बरं वाटलं असतं. यादीतला एक शब्द तेवढा लागला.

“माजणी,” मी म्हणालो.

“बघा,” काका म्हणाले. “‘भ’ची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते. ती फट बारीक ठेवली की लांबून बुजते आणि ‘भ’चा ‘म’ होतो. ‘घ’-‘ध’चं तसंच. इंग्रजीवाल्यांना ही भानगड नाही.”

मग त्यांनी पट्टी घेतली. त्यांचा हिशोब साधा होता. दहा फुटांवरून आरामात वाचायचं, तर अक्षर एक इंच उंच हवं. पन्नास फुटांना पाच इंच. हा नियम पुढे मी घरी ताडून पाहिला, कारण निवृत्त माणसाला वेळ असतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जो अक्षरांचा तक्ता असतो, तो स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली केलेला. त्यात चांगली नजर असलेल्या माणसाला सहा मीटरवरून जेमतेम वाचता यावं असं अक्षर सुमारे नऊ मिलिमीटरचं असतं. काकांच्या नियमाने त्याच अंतराला पन्नास मिलिमीटर होतात, म्हणजे जवळजवळ सहापट. मला आधी ही उधळपट्टी वाटली. पण डॉक्टरकडे माणूस खुर्चीत बसून, एक डोळा झाकून, वाचायचंच म्हणून वाचत असतो. प्रदर्शनात त्याच्या एका हातात पिशव्या असतात, दुसऱ्या हातात फुगा मागणारं पोर असतं, तो चालत असतो, तिरका बघत असतो, आणि त्याला वाचायचं अजिबात नसतं.

शिवाय इंच मोजायचा कुठून कुठपर्यंत, हाही प्रश्न आहे. आमच्या आधीच्या छापणाऱ्या मुलाने मुख्य ओळ सहा इंचांची केली होती, पण ते सहा इंच वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटीपर्यंत होते. काका मोजतात ते शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत. तसं मोजल्यावर आमचं अक्षर भरलं साडेतीन इंच. हा साडेतीन आकडा त्या दिवशी आमच्या पाठीच लागला होता.

“आता सांगा,” काका म्हणाले, “तुम्ही विकता काय?”

हिने दहा पदार्थांची नावं घेतली.

“वहिनी, लोक काय घ्यायला थांबतील?”

ही जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “थालीपीठ भाजणी.”

“मग तेवढंच.”

आईचा फोन लावला. गजानन कुठे, हा तिचा पहिला प्रश्न. काकांनी फोन स्वतः घेतला आणि म्हणाले, “आजी, देव भिंतीवर ठेवला तर त्याच्यापुढे पाठ करून ही मंडळी तीन दिवस उभी राहणार. टेबलावर छोटी तसबीर ठेवू, हार घालू.” आई एका वाक्यात तयार झाली. मला हे आयुष्यभर जमलेलं नाही.

पाठ करून उभं राहण्याचा मुद्दा त्यांनी पुढेही ताणला. आठ फुटांच्या भिंतीचे खालचे पाच फूट तुमचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तिथे टेबल येतं, पाकिटांची उतरंड येते आणि साडू येतात. जे वाचलं जावं असं वाटतं, ते डोक्यांच्या वर, वरच्या तीन फुटांत. त्यामुळे थालीपिठाचा फोटो गेला, पत्ता गेला. क्यूआर कोडबद्दल साडूंनी शेवटचा लढा दिला. कोड साधारण त्याच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून फोन पकडतो, असा काकांच्या मुलाचा अनुभव. टेबलापलीकडच्या गिऱ्हाइकापासून भिंत सात-आठ फुटांवर, तेव्हा कोड चांगला नऊ-दहा इंचांचा हवा, आणि त्याच्या पुढे कुणी उभं राहता कामा नये. साडूंनी स्वतःच्या आकाराचा विचार केला आणि कोड टेबलावरच्या छोट्या फळीवर घ्यायला कबूल झाले.

रंगांचा तह मात्र नाजूक होता. काका म्हणाले, “डोळे किलकिले करा आणि पाकिटाकडे बघा.” आम्ही तिघांनी भर रस्त्यात डोळे बारीक केले. डाळिंबी आणि मोरपंखी एकमेकांत विरघळले. रंग निराळे असले तरी दोन्ही सारखेच गडद. लांबून डोळा आधी गडद आणि फिकट यांतला फरक पकडतो, रंग मागाहून. मुलीला फोनवर सांगितलं तर तिने पाकिटाचा फोटो कृष्णधवल करून पाहिला आणि म्हणाली, “बाबा, अक्षरं गायबच होतायत.” काकांची पापणी आणि तिचा फोन यांचं उत्तर एकच आलं. जमीन डाळिंबी ठेवायची, अक्षरं श्रीखंडी करायची, आणि मोरपंखी खाली दोन इंचांच्या पट्टीत लुगड्याच्या काठासारखा घ्यायचा, असा तोडगा निघाला. ‘काठ’ हा शब्द ऐकून ही विरघळली. नुसती ‘पट्टी’ म्हटलं असतं तर अजून तिथेच असतो.

डाळिंबी बरोबर उतरावा म्हणून काकांच्या मुलाने आधी एक फुटाची पट्टी छापली. तिच्यावर जवळजवळचे सहा चौकोन. आमचं पाकीट शेजारी ठेवून, दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली नाही तर हॉलमध्ये असतो तशा पांढऱ्या दिव्याखाली, आम्ही चौथा चौकोन निवडला. तो मुलीच्या नंबरापासून बराच लांबचा होता. तिला सांगितलेलं नाही.

अक्षरं काकांनी स्वतः बसवली. बारीक, नाजूक वळणाचं जे टाइप मुलीने पाठवलं होतं ते त्यांनी हातही न लावता परत केलं. बारीक रेघ लांबून हवेत विरते, असं म्हणाले. फार जाडही नको, नाहीतर ‘ठ’चं पोट आणि ‘ण’ची वळणं भरून जातात. उंचीचा पाचवा-सहावा हिस्सा जाडी, हे त्यांचं प्रमाण. ‘भ’ची फट बोटभर जास्त उघडली. नऊ इंची अक्षरं, दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेकडे पाहून माझा जीव तुटत होता. स्क्वेअर फुटाने पैसे भरून रिकामा डाळिंबी घ्यायचा! काका म्हणाले, “साहेब, सभेत मधूनमधून गप्प बसणाऱ्याचंच ऐकतात.” फाइल पक्की करताना मुलाने `Ctrl+Q` दाबून अक्षरांच्या आकृत्या केल्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं बिघडत नाहीत. हे बटण आधीच्या मुलालाही माहीत होतं, पण त्याने गडबडलेला मजकूर आधी पक्का केला आणि मग आम्हाला दाखवला होता.

नवा बॅकड्रॉप मॅट घेतला. चकचकीत फ्लेक्सवर स्पॉटलाइटचा पांढरा गोळा उठतो आणि तो नेमका मधल्या अक्षरावर बसतो. रुंदी दोन मीटर चौऱ्याण्णव. या वेळी मी स्वतः हॉलमधल्या शेजारणीला फोन करून खांबाच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत मोजायला लावलं. त्यांनी लोणच्याच्या हाताने मोजलं आणि पुन्हा म्हणाल्या, “वेगळं आहे हं तुमचं.” वर आणि खाली फ्लेक्स दुमडून खिसे चिकटवले, त्यांत पाइप घातले. वरचा पाइप आकड्यांनी वरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला टांगायचा, खालच्याच्या वजनाने फ्लेक्स ताणून राहतो. खिळा नको, चिकटपट्टी नको, सुरकुती नाही. गुंडाळी करून रिक्षातून नेताना काकांनी बजावलं, “घडी घालू नका. घडीची पांढरी रेघ जन्मात जात नाही.” ती गुंडाळी रिक्षात मावली नाही. उरलेले दोन फूट साडूंनी नारायण पेठेपासून हॉलपर्यंत हाताने बाहेर धरले.

स्टँडीसाठी नवा बॅनर छापला. वरच्या दोन फुटांत ‘थालीपीठ भाजणी’, मध्ये किंमत, खालचा हातभर भाग नुसता डाळिंबी. या वेळी खिळी कुणी काढायची, यावर मतदान झालं. मेहुणीने काढली, आणि बॅनर आपल्या जागी बसला. साडूंनी नंतर तपासून सांगितलं की ताण तीन वळशांनी कमी आहे. कुणी लक्ष दिलं नाही.

सकाळी दहाला दारं उघडली. मी हॉलच्या लांबच्या चौकात जाऊन उभा राहिलो. सगळ्या भिंतींवर सगळं काही लिहिलेलं होतं, आणि मधोमध डाळिंबी जमिनीवर दोन शब्द होते. मला डोळे किलकिले करावे लागले नाहीत. एक आजी माझ्या पुढून चालल्या होत्या. त्यांनी मान वर केली, नातीला म्हणाल्या, “अगं, भाजणी बघ तिकडे,” आणि वळल्या. मी त्यांच्या मागोमाग इतक्या आनंदाने गेलो की नातीने दोनदा वळून पाहिलं.

आता एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. तीन दिवसांत टेबलाशी येऊन, अगदी त्या नऊ इंची अक्षरांच्या खाली उभं राहून, “इथे काय मिळतं?” असं विचारणारी माणसं मी मोजली नाहीत, पण हिचा आवाज बसला तो त्यांच्यामुळेच. अक्षरं लांबून आणण्याचं काम करतात. जवळ आलेला माणूस समोर पाहतो, वर नाही. त्यासाठी टेबलावर हाताने लिहिलेला एक पुठ्ठा ठेवावा लागला. तो आईने लिहिला. त्यात तिने गजाननही बसवला.

पेंटरकाकांनी बिलात अक्षरं बसवण्याचे पैसे लावले नाहीत. दोन किलो भाजणी मात्र मागून घेतली, आणि पाकीट किलकिल्या डोळ्यांनी बघून म्हणाले, “याच्यावरची मोरपंखी अक्षरंही एकदा बदला.” ती बदललेली नाहीत. ते घरातलं राजकारण आहे.

जुना फ्लेक्स माळ्यावर आहे, न वापरल्यात जमा, फक्त उजव्या कडेला साडेतीन इंचांवर एक पांढरी घडी. कुणाला हवा असेल तर फुकट देईन. मागच्या बाजूने कोरा आहे, पावसाळ्यात गच्चीवरच्या सामानावर टाकायला उत्तम. मात्र आधी माप घ्या, फुटांत. दहा बाय आठ.